ऑनलाइन परीक्षेत गमावलेली मिनिटे कोणी मोजायची?

ऑनलाइन परीक्षा सुरू असताना उमेदवाराची स्क्रीन मध्येच गोठली, तर बहुतेक नियमावल्या त्याला एकच वाट दाखवतात: परीक्षा संपल्यावर ठरलेल्या मुदतीत, पुराव्यासह, लेखी अर्ज करावा. हा नियम कागदावर निर्दोष वाटतो, कारण तक्रार करणाऱ्याने ती सिद्ध करावी ही अपेक्षा आपल्या अंगवळणी पडलेली आहे. मात्र ज्या परीक्षेत मोबाइल जवळ बाळगणे हाच गैरप्रकार ठरतो आणि स्क्रीनशॉट घेता येऊ नये म्हणून ब्राउझर कुलूपबंद केलेला असतो, त्या परीक्षेतील बिघाडाचा पुरावा उमेदवाराने आणायचा तरी कुठून? पुरावा अस्तित्वात असतो, पण तो संस्थेच्या सर्व्हरवर असतो. प्रश्न केव्हा पाठवला, उत्तर केव्हा जतन झाले, संपर्क केव्हा तुटला आणि पुन्हा लॉगिन केव्हा झाले, याची सेकंदापर्यंतची नोंद तिथे आपोआप होत असते. ज्याच्याकडे नोंद आहे त्याने गप्प बसायचे आणि ज्याच्याकडे काहीच नाही त्याने सिद्ध करायचे, अशी ही मांडणी आहे. माझ्या मते गमावलेला वेळ मोजण्याची आणि तो परत देण्याची जबाबदारी संस्थेचीच आहे आणि उमेदवाराने मागणी केली की नाही यावर ती अवलंबून असता कामा नये.

या म्हणण्याला तांत्रिक आधार आहे आणि तो समजून घेतल्याशिवाय पुढचा वाद पोकळ ठरेल. परीक्षेचे सॉफ्टवेअर उमेदवाराच्या संगणकाकडून ठराविक सेकंदांनी एक छोटा संकेत मागवत असते. त्याला हार्टबीट म्हणतात. तो थांबला की संपर्क तुटल्याची नोंद होते आणि पुन्हा सुरू झाला की संपर्क जुळल्याची. परीक्षेनंतर संस्थेकडे जो अहवाल येतो, त्यात बहुधा या दोन नोंदींमधले अंतर ‘खंडित कालावधी’ म्हणून दिलेले असते. हा आकडा खोटा नसतो. तो फक्त वेगळ्याच प्रश्नाचे उत्तर देतो. जोडणी किती वेळ तुटली होती हे त्यातून कळते. उमेदवाराला किती वेळ उत्तर देता आले नाही हे कळत नाही, आणि न्यायाचा प्रश्न सगळा तिथेच आहे.

एक काल्पनिक पण रोज घडण्याजोगे उदाहरण घेऊ. परीक्षा ९० मिनिटांची, प्रश्न ६०. उमेदवाराचे २४वे उत्तर ३६ मिनिटे ५० सेकंदांनी जतन झाले आणि शेवटचा हार्टबीट ३७ मिनिटे १० सेकंदांनी आला. त्यानंतर संपर्क तुटला आणि ३९ मिनिटे २० सेकंदांनी पुन्हा जुळला. संस्थेच्या अहवालात म्हणूनच २ मिनिटे १० सेकंदांचा खंड दिसतो. प्रत्यक्षात संपर्क जुळला तरी प्रश्नाचे पान उघडेना. उमेदवाराने वाट पाहिली, पान पुन्हा लोड करून पाहिले आणि अखेर ४१व्या मिनिटाला ब्राउझर बंद करून नव्याने लॉगिन केले. नियमानुसार ओळखपत्र पुन्हा दाखवणे भाग होते. पर्यवेक्षक इतर उमेदवारांत गुंतलेला असल्यामुळे रांगेतली प्रतीक्षा आणि तपासणी मिळून ४७ मिनिटे ४० सेकंद झाले. पंचविसावा प्रश्न स्क्रीनवर दिसला तेव्हा ४८ मिनिटे ५ सेकंद उलटले होते. सर्व्हरवरचे घड्याळ या सगळ्या काळात चालूच होते.

उमेदवार अर्जात लिहितो, “माझी जवळपास पंधरा मिनिटे वाया गेली.” संस्था उत्तर देते, “आमच्या नोंदीनुसार खंड दोन मिनिटांचा आहे.” दोघेही आपापल्या जागी प्रामाणिक आहेत आणि दोघांचाही आकडा चुकीचा आहे. शेवटच्या हार्टबीटपासून पुढचा प्रश्न प्रत्यक्ष दिसेपर्यंतचा काळ मोजला तर तो १० मिनिटे ५५ सेकंद भरतो. प्रत्येक प्रश्नाला सरासरी दीड मिनिट या हिशेबाने सात प्रश्नांचा वेळ गेला. हे सारे आकडे संस्थेच्याच नोंदींत आहेत. फरक एवढाच, की ते तीन वेगवेगळ्या ठिकाणी पडलेले असतात. संपर्काची नोंद एकीकडे, लॉगिनची दुसरीकडे, पर्यवेक्षकाच्या रांगेची तिसरीकडे, आणि ती रांग अनेकदा वेगळीच कंपनी सांभाळत असते. तिन्ही नोंदी एका काळरेषेवर आणून ठेवल्याशिवाय तक्रार फेटाळणे म्हणजे एक तृतीयांश कागद वाचून निकाल देणे होय. त्या नोंदींची घड्याळेही जुळवून घ्यावी लागतात, कारण एक नोंद जागतिक प्रमाणवेळेत आणि दुसरी स्थानिक वेळेत असेल तर खरी तक्रारही परीक्षेच्या वेळेबाहेरची दिसते.

याहून अवघड प्रकार संथपणाचा आहे. संपर्क एकदाही तुटत नाही, पण प्रत्येक प्रश्न उघडायला वीस सेकंद लागतात. साठ प्रश्नांत अशी वीस मिनिटे जातात आणि ‘खंडित कालावधी’च्या रकान्यात शून्य दिसते. अशा उमेदवाराला बिघाड झाला हे कळतही नाही. आपणच हळू सोडवतो आहोत असे त्याला वाटते आणि म्हणून तो अर्जही करत नाही. हा काळ पकडायचा तर सर्व्हरने प्रश्न पाठवल्याची वेळ पुरत नाही. तो प्रश्न उमेदवाराच्या स्क्रीनवर पूर्ण उमटल्याची वेळही ब्राउझरने नोंदवून परत पाठवायला हवी. हे करणे अवघड नाही, फक्त सॉफ्टवेअर मागवतानाच ही अट घालावी लागते. मागणी करणाऱ्यालाच न्याय देणारी पद्धत इथे उघडी पडते, कारण ज्याला नुकसान कळले आणि ज्याला अर्ज लिहिण्याचे धाडस व भाषा होती, त्याचेच ती ऐकते.

संस्थांचा आक्षेप मला ठाऊक आहे आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. वेळ आपोआप परत मिळू लागला तर उमेदवार अवघड प्रश्न दिसताच इंटरनेटची केबल काढतील, पाच मिनिटांत उत्तर शोधतील आणि परत येऊन वर पाच मिनिटेही वसूल करतील. असे घडते, पण ते ओळखण्याच्या खुणाही आहेत. खरा बिघाड प्रश्न पाहून येत नाही. तो सोप्या प्रश्नावर येतो, दोन प्रश्नांच्या मध्ये येतो, कधी उत्तर निवडून झाल्यावर जतन होताना येतो. मुद्दाम केलेला खंड मात्र बहुधा प्रश्न वाचण्याइतका वेळ गेल्यावर येतो, त्याच उमेदवाराच्या बाबतीत दोनतीनदा येतो आणि परतल्यावर नेमका तोच प्रश्न काही सेकंदांत बरोबर सुटतो. शिवाय त्याच वेळी त्याच सर्व्हरवरचे किंवा त्याच इंटरनेट कंपनीचे इतर उमेदवार तुटले होते का, हे पाहिले की निम्मा संशय तिथेच मिटतो. एवढे असूनही एका उमेदवाराच्या एका खंडावरून हेतू ठरवणे धोक्याचे आहे. अशा खुणा तपास सुरू करायला पुरतात, शिक्षा द्यायला पुरत नाहीत.

त्यापेक्षा सरळ उपाय रचनेत आहे. संपर्क तुटला तेव्हा जो प्रश्न स्क्रीनवर होता, तो परतल्यावर दाखवू नये. त्या जागी तितक्याच काठिण्याचा, त्याच घटकावरचा दुसरा प्रश्न द्यावा आणि आधी पाहून सोडून दिलेले प्रश्न बंद करण्याऐवजी तेही शक्य तिथे बदलावेत. मग केबल काढून काहीच हाती लागत नाही आणि वेळ परत देताना संस्थेला हात आखडता घ्यावा लागत नाही. यासाठी प्रश्नपेढी मोठी हवी, प्रत्येक प्रश्नाचे काठिण्य आधी तपासलेले हवे, आणि यावर खर्च होतो. संस्था जेव्हा म्हणते की गैरवापराच्या भीतीने आम्ही वेळ देत नाही, तेव्हा अनेकदा त्याचा अर्थ असा असतो की प्रश्नपेढीवर न केलेला खर्च आम्ही उमेदवाराच्या वेळेतून वसूल करतो. हे बोलणे कठोर आहे, पण मला ते अन्यायाचे वाटत नाही.

आता भरपाई कोणत्या रूपात द्यायची, या मुद्द्याकडे येऊ. वेळ, पुनर्परीक्षा आणि गुण असे तीन पर्याय असतात आणि त्यांच्यात निवड करताना संस्था सर्वात सोयीचा पर्याय उचलतात, सर्वात योग्य उचलत नाहीत. माझा क्रम स्पष्ट आहे. परीक्षा चालू असतानाच वेळ परत देणे सर्वात चांगले, ते अशक्य असेल तर पुनर्परीक्षा, आणि गुण कधीही नाहीत.

गुणांची भरपाई करून पाहिली गेली आहे, म्हणून तिच्याबद्दल अंदाजाने बोलावे लागत नाही. २०१८ मध्ये भारतातील विधी विद्यापीठांची सामाईक प्रवेश परीक्षा, म्हणजे ‘क्लॅट’, संगणकावर झाली आणि अनेक केंद्रांवर तांत्रिक अडचणी आल्या. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. सर्व्हरवरील नोंदींवरून प्रत्येकाचा किती वेळ गेला हे काढण्यात आले आणि उमेदवाराने मिळालेल्या वेळेत ज्या गतीने व अचूकतेने उत्तरे दिली, त्या प्रमाणात गमावलेल्या वेळेचे गुण देण्याचे सूत्र स्वीकारले गेले. नोंदींवरून वेळ मोजण्याचा भाग अगदी योग्य होता. त्याचे गुणांत रूपांतर करण्याचा भाग मला पटत नाही. समजा, १२० मिनिटांच्या परीक्षेत एकाची १० मिनिटे गेली आणि ११० मिनिटांत त्याने ८८ गुण मिळवले. मिनिटाला ०.८ या दराने त्याला आणखी ८ गुण मिळतील. पण उमेदवार प्रश्न एका दराने सोडवत नाहीत. सोपे विभाग आधी आणि अवघड नंतर घेणाऱ्याची शेवटची दहा मिनिटे त्याला कदाचित तीनच गुण देऊन गेली असती. उलट, स्क्रीन बंद पडल्याने गोंधळून पुढचा अर्धा तास ज्याच्या हातून चुका झाल्या, त्याचा दर त्या बिघाडामुळेच खाली आलेला असतो आणि सूत्र तोच खालावलेला दर भरपाईसाठी वापरते. ज्याचे जास्त नुकसान झाले त्याला कमी भरपाई, असा उलटा हिशेब त्यातून निघतो.

हेच सूत्र पुढे २०२४ च्या ‘नीट’ परीक्षेत वापरले गेले. ती परीक्षा कागदावर होते, पण काही केंद्रांवर वेळ गेला म्हणून १,५६३ उमेदवारांना वाढीव गुण देण्यात आले. तिथे बरोबर उत्तराला चार गुण आणि चुकीला एक गुण वजा होत असल्यामुळे ७२० पैकी ७१८ किंवा ७१९ गुण पडणे शक्यच नव्हते. तरीही ते गुणपत्रिकांत दिसले आणि संशयाला तोंड फुटले. जून २०२४ मध्ये ते वाढीव गुण रद्द झाले आणि त्या उमेदवारांपुढे दोन पर्याय ठेवले गेले: २३ जूनला पुन्हा परीक्षा द्यावी किंवा मूळ गुण स्वीकारावेत. त्यांपैकी ८१३ जण परीक्षेला बसले. कोणी न दिलेल्या उत्तरांचे गुण देणे म्हणजे घडू न शकलेल्या परीक्षेचा निकाल लावणे. अशा निकालाचा बचाव पुढे संस्थेला करता येत नाही आणि लाभार्थी उमेदवारालाही नाही.

पण मग पुनर्परीक्षा हेच सर्व प्रश्नांचे उत्तर मानायचे का? तसेही नाही, आणि याचेही उदाहरण आहे. मे २०२० मध्ये अमेरिकेतील कॉलेज बोर्ड या परीक्षा घेणाऱ्या संस्थेने शालेय विद्यार्थ्यांसाठीच्या, महाविद्यालयीन पातळीच्या ‘एपी’ परीक्षा कोविडच्या साथीमुळे घरून घेतल्या. विद्यार्थी कागदावर उत्तर लिहून त्याचा फोटो अपलोड करू शकत होते आणि त्यासाठी पाच मिनिटे राखून ठेवली होती. काही आयफोन फोटो HEIC या प्रकारात जतन करतात आणि ते संकेतस्थळ तो प्रकार स्वीकारत नव्हते. उत्तर लिहून तयार, फोटो काढलेला, आणि अपलोड मात्र होईना, अशा स्थितीत मुदत संपली. ज्यांचे उत्तर पोहोचले नाही त्यांना जूनमध्ये पुन्हा परीक्षा देण्याची सोय देण्यात आली. पुढच्या आठवड्यात, १८ मेपासून, अपलोड न झाल्यास उत्तर लगेच ईमेलने पाठवण्याची मुभा मिळाली, पण आधीच्या आठवड्यातल्या विद्यार्थ्यांना ती लागू झाली नाही. इथे पुनर्परीक्षा उदार दिसते, पण विद्यार्थ्याने आपले काम वेळेत पूर्ण केले होते. त्याच्याकडून हरवले नव्हते असे काम त्याला पुन्हा करायला लावले गेले. जिथे उत्तर तयार आहे आणि ते वेळेत तयार झाल्याचे फाइलवरच्या वेळेवरून व इतर खुणांवरून तपासता येते, तिथे ते स्वीकारण्याचा मार्ग आधी पाहावा. बिघाड उत्तर लिहिण्यात झाला की उत्तर पोहोचण्यात, हा भेद न करता एकच उपाय सर्वांना लावणे हा आळस आहे.

म्हणून परीक्षा चालू असतानाच वेळ परत देणे मला सर्वात वरचे वाटते. सर्व्हरवर घड्याळ ठेवण्यामागचा हेतू योग्य आहे, कारण उमेदवाराच्या संगणकावरचे घड्याळ त्याला बदलता येते. पण सर्व्हरवरचे घड्याळ थांबू शकत नाही असा काही भौतिक नियम नाही. हार्टबीट थांबताच ते थांबवावे आणि पुढचा प्रश्न स्क्रीनवर उमटताच सुरू करावे, एवढेच. याला एक मर्यादा मान्य करावी लागते. खंड फार लांबला, समजा परीक्षेच्या एक तृतीयांशाहून मोठा झाला, किंवा उमेदवार चारपाच वेळा तुटला, तर वेळ जोडून देऊन परीक्षा सारखी होत नाही. दर पंधरा मिनिटांनी तुटणाऱ्या दोन तासांना सलग दोन तास म्हणता येत नाही. तिथे पुनर्परीक्षाच हवी आणि ती वेगळ्या पण समतुल्य प्रश्नपत्रिकेवर हवी.

चूक कोणाची, हा प्रश्न मी मुद्दाम मागे ठेवला आहे, कारण चर्चेत तो नको तितका पुढे येतो. सर्व्हर पडला तर संस्थेची जबाबदारी, घरचे इंटरनेट गेले तर उमेदवाराची, अशी वाटणी सर्रास केली जाते. परंतु लहान खंडांच्या बाबतीत ही वाटणी कामाची नाही. तीन मिनिटांचा खंड राउटरमुळे झाला की मधल्या जाळ्यातल्या अडथळ्यामुळे, हे दोन्ही बाजूंना खात्रीने सांगता येत नाही आणि त्या तीन मिनिटांत उमेदवाराला काही लाभ झाला नसेल तर ती परत दिल्याने इतर कोणाचेही नुकसान होत नाही. पुनर्परीक्षेसाठी मात्र कारण पाहणे रास्त आहे, कारण तिच्यासाठी नवी प्रश्नपत्रिका, पर्यवेक्षक आणि दिवस लागतो. पूर्वतपासणीचा सराव न करता, चार्जर न लावता बसलेल्या उमेदवाराने तो खर्च संस्थेवर टाकू नये.

एका अटीवर मात्र मी दोन्ही बाजूंशी कडकपणे वागेन. निर्णय गुण कळण्याआधी व्हायला हवा. निकाल पाहून, कमी गुण दिसल्यावर पंधरा दिवसांपूर्वीचा बिघाड आठवणाऱ्या उमेदवाराला पुनर्परीक्षा दिली, तर ती इतरांना नाकारलेली दुसरी संधी ठरते. त्याचप्रमाणे संस्थेच्या समितीने अर्जदाराचे गुण समोर ठेवून ‘उत्तीर्ण तर झालाच आहे, मग नुकसान कुठे झाले’ असे म्हणणेही चूक आहे, कारण क्रमवारीच्या परीक्षेत उत्तीर्ण होणे पुरेसे नसते. समितीपुढे काळरेषा असावी, गुण नसावेत. आणि पुनर्परीक्षा स्वीकारली की पहिल्या प्रयत्नाचे गुण बाद, दोहोंपैकी चांगले निवडण्याची मुभा नाही, हेही आधीच लिहून ठेवावे.

संस्थांनी ही पद्धत स्वीकारेपर्यंत उमेदवाराला अर्ज करावाच लागणार आहे, म्हणून तो कसा असावा याबद्दल थोडे. बहुतेक अर्ज मनस्तापाने भरलेले असतात आणि ज्याला नोंदी तपासायच्या आहेत त्याच्या हाती काहीच लागत नाही. त्यापेक्षा असे लिहावे: “पंचविसाव्या प्रश्नाकडे जाताना, घड्याळात सुमारे ५३ मिनिटे शिल्लक असताना पान कोरे झाले. दोनदा पुन्हा लोड केले. नंतर ब्राउझर बंद करून लॉगिन केले आणि पर्यवेक्षकाच्या रांगेत थांबलो. प्रश्न परत दिसला तेव्हा सुमारे ४२ मिनिटे शिल्लक होती. पर्यवेक्षकाला त्याच वेळी चॅटमध्ये कळवले आहे. कृपया संपर्क, लॉगिन आणि रांग या तिन्ही नोंदी एकत्र तपासून गेलेला वेळ ठरवावा.” यात नुकसानीचा आकडा उमेदवार स्वतः सांगतच नाही. तो वाढवून सांगितल्याचा ठपका टळतो आणि मोजण्याचे काम योग्य हाती जाते. चॅटमधली ती एक ओळ नंतरच्या पानभर अर्जाहून मोलाची असते, कारण तिच्यावर वेळ संस्थेनेच घातलेली असते.

शेवटचा अडसर ‘सबमिट’ या बटणाचा आहे. काही ठिकाणी ते दाबले की परीक्षेबाबत तक्रार नाही असे गृहीत धरले जाते. काही ठिकाणी ते न दाबता उठले की परीक्षा सोडून दिली असे. बिघाड झालेल्या उमेदवाराने पुढे सोडवत राहावे की थांबावे, हे त्याला त्या घटकेला कोणीच सांगत नाही आणि पर्यवेक्षकालाही बऱ्याचदा ठाऊक नसते. परत लॉगिन झाल्यावर पहिल्याच पानावर एवढे लिहिणे संस्थेला सहज जमण्यासारखे आहे: तुमचा इतका वेळ गेल्याची नोंद झाली आहे, तो जोडला आहे किंवा तपासला जाईल, आणि तुम्ही परीक्षा पूर्ण केल्याने तुमचा तक्रारीचा हक्क जात नाही. नोंद चुकीची वाटली तर हरकत घेण्याची सोयही त्याच पानावर ठेवता येईल.